ओआरबी नोंदवही: कँडल क्लोजच्या फिल्टरचे ६५ टक्के कुठून आले?

मंडळी, कँडल क्लोजचा फिल्टर, म्हणजे कँडल रेंजबाहेर बंद झाली तरच ट्रेड घ्यायचा ही अट, अखेर उलगडला. फेक ब्रेकआउट गाळण्यासाठी आपल्यापैकी बहुतेक जण याच फिल्टरवर भिस्त ठेवतात, त्यामुळे हे सविस्तर लिहितोय. सेटअप नेहमीचाच, ओआरबी म्हणजे ओपनिंग रेंज ब्रेकआउट: निफ्टी फ्युचर, पाच मिनिटांच्या कँडल, ९:१५ ते ९:४५ ची रेंज.

आधी रेंजबद्दल थोडं, कारण दोन ठिकाणांहून डेटा घेणाऱ्यांचे आकडे जुळत नाहीत ते इथेच. काही पुरवठादार कँडलला सुरुवातीची वेळ देतात, काही संपण्याची. एकाकडची ९:४५ ची कँडल म्हणजे ९:४० ते ९:४५, तर दुसऱ्याकडे तीच वेळ ९:४५ ते ९:५० साठी असते. ओळखायला सोपं आहे: दिवसाची पहिली कँडल ०९:१५ दाखवते की ०९:२०, ते बघा. सुरुवातीची वेळ असेल, तर अर्ध्या तासाची शेवटची कँडल ०९:४० ची.

```python
orb = df.between_time("09:15", "09:40")
g = orb.groupby(orb.index.date)
hi, lo = g["high"].max(), g["low"].min()
```

`between_time` दोन्ही टोकं धरतं. तिथे "09:45" लिहिलं की सातवी कँडल रेंजमध्ये शिरते आणि ९:४५ नंतर लगेच आलेले ब्रेकआउट रेंजच गिळून टाकते. हे नीट झाल्यावर माझ्याकडच्या दोन्ही डेटांचे हाय-लो एकदाचे जुळले. फार समाधान वाटलं.

आता मुख्य विषय. फेक ब्रेकआउट म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या एसएलवरून ठरवतो. माझी व्याख्या अशी: रेंज तोडल्यावर भाव अर्धी रेंज पुढे जाण्याआधी रेंजच्या मध्यावर परत आला, तर तो फेक. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं असल्यामुळे, बाजारात दिशाच नसती तरी निम्मे खरे आणि निम्मे फेक निघाले असते. म्हणजे ५० टक्के ही आपली पायरी. फिल्टरने तिच्या वर जायला हवं, आणि तेही ब्रोकरेज, एसटीटी आणि स्लिपेज वजा करून.

यावर कँडल क्लोजचा फिल्टर लावला: नुसता स्पर्श चालणार नाही, पाच मिनिटांची कँडल रेंजबाहेर बंद झाली पाहिजे. यशाची टक्केवारी टुणकन साठीच्या पुढे गेली, पण हातात पडणारे पॉइंट मात्र वाढेनात. यातच माझा बराच काळ गेला.

उत्तर एका उदाहरणात आहे. समजा हाय २४,६००, लो २४,५००, मध्य २४,५५०. स्पर्शावर घेतलं तर एंट्री २४,६००, टार्गेट २४,६५०, एसएल २४,५५०: दोन्हीकडे पन्नास पॉइंट. क्लोजची वाट पाहिली आणि कँडल २४,६१५ ला बंद झाली, तर टार्गेट फक्त ३५ पॉइंट दूर राहतं आणि एसएल ६५ पॉइंट. दिशाहीन बाजारात आधी टार्गेट लागण्याची शक्यता म्हणजे एसएलचं अंतर भागिले एकूण अंतर, इथे ६५ भागिले १००. फिल्टरने काहीही ओळखलेलं नसताना ६५ टक्के! आणि हिशोब शून्याचाच: ६५ वेळा ३५ पॉइंट मिळाले, ३५ वेळा ६५ पॉइंट गेले.

म्हणून आता प्रत्येक ट्रेडसाठी हा कोरा अंदाज आधी काढतो आणि यशाच्या टक्केवारीतून वजा करतो. उरेल तेवढंच फिल्टरचं. टार्गेट आणि एसएल यांपैकी काहीच न लागता दुपारी सव्वातीनला बंद करावे लागणारे ट्रेड वेगळ्या खात्यात ठेवतो, नाहीतर ते कुठेही ढकलून टक्केवारी हवी तशी दिसते. या मापाने कँडल क्लोजचं श्रेय जवळपास विरघळलं. क्लोज आणखी दहा पॉइंट वर हवा, अशी जास्तीची अट घातली तर टक्केवारी अजून सुधारल्यासारखी दिसते, पण कारण तेच: एंट्री टार्गेटकडे सरकते.

मग रिटेस्टवर जायचं ठरवलं होतं: ब्रेकआउटनंतर २४,६०० वर लिमिट ऑर्डर लावून थांबायचं, म्हणजे दोन्ही अंतरं पुन्हा पन्नास. पण मांडणी करतानाच खोट दिसली. फेक ब्रेकआउट मध्यावर परतताना २४,६०० ओलांडणारच, त्यामुळे तिथे आपली ऑर्डर हमखास भरते. जोरदार ब्रेकआउट मात्र मागे वळून बघत नाही, तिथे आपण बाहेरच राहतो. रिटेस्ट तपासताना न भरलेल्या ऑर्डरही मोजायलाच हव्यात. तूर्तास हे बाजूला.

या नव्या मापावर टिकलेली एक गोष्ट म्हणजे व्हॉल्यूम, तोही योग्य तुलनेने. सकाळी व्हॉल्यूम प्रचंड असतो, दुपारी आटतो, शेवटी परत वाढतो. साडेदहाच्या कँडलची सव्वानऊच्या कँडलशी तुलना केली तर ती कायम फिकीच दिसणार. मी ब्रेकआउटच्या कँडलचा व्हॉल्यूम मागच्या वीस दिवसांतल्या त्याच वेळेच्या कँडलच्या मध्यकाशी ताडतो आणि दीडपट तरी हवा म्हणतो. व्हॉल्यूम फ्युचरचाच घ्यायचा. काही चार्टवर निफ्टी इंडेक्सखाली जो दिसतो तो घटक शेअर्सची बेरीज असते, इंडेक्समध्ये स्वतःचे सौदे होतच नाहीत. मासिक एक्स्पायरीच्या आठवड्यात सौदे पुढच्या महिन्याच्या काँट्रॅक्टकडे सरकतात, म्हणून चालू आणि पुढचा असे दोन्ही महिने मिळवून मोजा. नाहीतर रोलओव्हरच्या दिवसांत हा फिल्टर चांगले ब्रेकआउटही नाकारतो.

दुसरी गोष्ट रेंजच्या रुंदीची. अर्ध्या तासातच चौदा दिवसांच्या एटीआरचा मोठा हिस्सा संपला असेल, तर पुढे जायला जागा उरत नाही. अरुंद रेंज बरी. पण एक दिवस यात फसवा असतो: रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाचा. घोषणा सकाळी दहाला. त्याआधी बाजार श्वास रोखून बसल्यामुळे रेंज अरुंद दिसू शकते, ती फिल्टरमधून पास होते, आणि दहाला भाव दोन्ही टोकं तोडू शकतो. ६ जून २०२५ ला रेपो दर अर्ध्या टक्क्याने आणि सीआरआर टप्प्याटप्प्याने एक टक्क्याने कमी करण्याची घोषणा झाली, बाजार उसळला. तो दिवस बॅकटेस्टमध्ये झकास नफा दाखवतो, पण तो नफा बातमीचा आहे, रेंजचा नाही. पतधोरण, अर्थसंकल्प आणि दिवाळीचं मुहूर्त सत्र, तिन्ही मी वेगळे काढून ठेवतो.

हे लिहिताना एक सुचलं. एसएल मध्यावर न ठेवता एंट्रीपासून अर्ध्या रेंजवर ठेवायचा आणि टार्गेटही तितकंच दूर. मग स्पर्श असो वा क्लोज, पायरी ५० टक्क्यांचीच राहते, वजाबाकीची गरजच पडत नाही, आणि दोन्ही एंट्री एकाच मापाने समोरासमोर येतात. आधी हेच चालवतो, बँक निफ्टीवरही. कुणाकडे जुन्या काँट्रॅक्टचा मिनिटाचा स्वच्छ डेटा असेल, दोन्ही महिन्यांचा वेगवेगळा, तर जरूर सांगा. जोडून एकसंध केलेल्या सिरीजवर व्हॉल्यूमची बेरीज करता येत नाही, आणि माझी गाडी सध्या तिथेच अडली आहे.