तुम्ही विचारलंत म्हणून: सहा लाखांच्या आत काय दडलंय

"आमच्या साहेबांना एक्सेल उघडायचाच कंटाळा आहे. चाळीस ओळींचं बजेट त्यांना अर्ध्या पानात कसं सांगायचं?"

मी आधी एकूण फरक फोडून बघते. आमच्या एका विभागाची सहा महिन्यांची तरतूद २४० लाख होती आणि खर्च झाला २४६ लाख. पूर्वी मी "खर्च ६ लाखांनी, म्हणजे अडीच टक्क्यांनी जास्त" एवढं लिहून मोकळी झाले असते. वाक्य खरं आहे, पण ते वाचून आमच्या वरिष्ठ मॅडमनी प्रवासखर्च कापायला सांगितला असता, आणि प्रवासाचा तर इथे काही संबंधच नव्हता.

आतलं चित्र असं होतं. सॉफ्टवेअरच्या परवान्यांचे वर्षाचे १८ लाख एकदम भरले होते, बजेटमध्ये मात्र ते दरमहा दीड लाख असे पसरले होते. म्हणून तिथे ९ लाख जास्त दिसत होते, आणि वर्ष संपेपर्यंत हा फरक आपोआप शून्यावर येणार होता. पाच पदं रिकामी असल्याने पगाराचे १४ लाख वाचले, पण त्यांच्या जागी घेतलेल्या कंत्राटी माणसांवर ११ लाख गेले. म्हणजे परवाने बाजूला ठेवले तर विभागाचा खर्च खरं तर तरतुदीपेक्षा ३ लाखांनी कमीच होता. या ३ लाखांना मी 'बचत' म्हणत नाही. भरती रखडल्यामुळे पडून राहिलेले ते पैसे आहेत, आणि 'बचत' हा शब्द वाचला की ते दुसरीकडे वळवावेसे वाटतात.

मग मी मॅडमना लिहिलं: "खर्च आटोक्यात आहे. ६ लाख जास्त दिसतात, कारण परवान्यांचे वर्षाचे पैसे आधीच भरले. वर्षअखेर तो फरक राहणार नाही. रिकाम्या पदांमुळे ३ लाख शिल्लक आहेत, दोन महिन्यांत पदं भरेपर्यंत ते ४ होतील. कंत्राटी माणसांचा महिन्याचा खर्च सुमारे १.८ लाख आहे. नव्या लोकांना काम शिकवायला त्यांना आणखी दोन महिने ठेवलं तर ते या पैशांत बसतं, तिसरा महिना बसत नाही. दोन महिन्यांना मंजुरी हवी आहे."

एवढंच. चाळीसपैकी सदतीस ओळी तरतुदीप्रमाणेच चालल्या होत्या, त्यांचा उल्लेखही केला नाही. पाठवण्यापूर्वी प्रत्येक आकडा मूळ तक्त्यात बोट ठेवून शोधते, आणि पूर्णांकात आणलेल्या आकड्यांची बेरीज जुळते का तेही बघते. ९ आणि ११ मधून १४ गेले की ६ उरायलाच हवेत. असे आकडे जुळले नाहीत, तर एक्सेल न आवडणारा माणूसही ते लगेच पकडतो.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "पदं दोन महिन्यांत भरली नाहीत तर?" तर दर महिन्याला आणखी अर्धा लाख शिल्लक पडेल, पण शिकवण्याचे दोन महिने तितकेच पुढे जातील. ही ओळ आता मी प्रश्न येण्याआधीच लिहिते.