पाच फोटो, एक लाल पैठणी

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आमच्या प्रेसमध्ये पोहोचतं तोवर त्यावर सगळ्यांची मतं देऊन झालेली असतात. मी प्रीप्रेसला बसतो. फाइल उघडायची, छपाईजोगी करायची, प्लेटला पाठवायची, एवढंच माझं काम. मत मागायची पद्धत नाही. यंदा मात्र दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात संपादकबाईंनी एकाच प्रसंगाचे पाच फोटो पाठवले आणि फोनवर म्हणाल्या, "मुलगी पाचांतही छानच दिसतेय. छपाईला कुठला चांगला, ते तुम्हीच सांगा." आणि लगेच, "मला आपला तिसरा आवडलाय हं."

फोटो असा: जुन्या वाड्याचं अंगण, दिवेलागणीची वेळ. चुन्यानं रंगवलेली पांढरी भिंत, एका बाजूला जवळजवळ काळं पडलेलं सागवानी दार, मधे तुळशीवृंदावन. कुंकवासारखी लाल पैठणी नेसलेली मुलगी पणती ठेवतेय. वरून उरलेसुरलेलं निळसर आभाळ, खालून पणत्यांचा पिवळा उजेड. एकाच चौकटीत पांढरी भिंत, काळं दार आणि भडक लाल रेशीम. असा फोटो काढणाऱ्याला धाडस लागतं आणि छापणाऱ्याला संयम.

ज्यांचा ह्याच्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिस्टोग्राम म्हणजे फोटोतले ठिपके उजेडाप्रमाणे मोजून काढलेला आलेख. डावीकडे 0 म्हणजे पूर्ण काळं, उजवीकडे 255 म्हणजे पूर्ण पांढरं, आणि उंची म्हणजे त्या पायरीवर किती ठिपके. आलेख डाव्या भिंतीला चिकटला तर सावलीतला तपशील गेला, उजव्या भिंतीला चिकटला तर उजेडातला. गेलेला तपशील मागाहून कुणालाही आणता येत नाही. लोक मधे छान डोंगर दिसला की खूश होतात आणि सुतावरून स्वर्ग गाठतात. डोंगराच्या उंचीला तर काहीच अर्थ नसतो, कारण प्रत्येक फोटोचा आलेख स्वतःच्या सर्वांत उंच टोकाप्रमाणे चौकटीत बसवलेला असतो. दोन फोटोंचे डोंगर शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांना मी हल्ली काही बोलत नाही.

तुलना करायची तर आकडे घ्यायचे. फोटोशॉपच्या हिस्टोग्राम खिडकीत कोपऱ्यात पिवळा त्रिकोण दिसत असेल, तर आलेख लहान केलेल्या प्रतीवरून काढलेला आहे असं समजायचं. त्यावर टिचकी मारून पूर्ण फोटोवरून नव्यानं काढून घ्यायचा. मग कर्सर 254 वर नेऊन पर्सेंटाइलचा, म्हणजे त्या पायरीपर्यंत किती टक्के ठिपके आले त्याचा, आकडा वाचायचा. तिथं 94 दिसलं, तर उरलेले 6 टक्के ठिपके 255 वर, म्हणजे थेट भिंतीत. फोटोतला रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांनी बनतो, त्यांना चॅनल म्हणतात. हे तिन्ही चॅनलसाठी वेगवेगळं करायचं. पाच फोटोंना दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं कुणी देत नाही, ही माझी जुनी तक्रार.

पहिला आणि पाचवा लगेच बाद झाले. पहिल्यात दार आणि मुलीचा अंबाडा मिळून एकच काळा डाग. तिन्ही चॅनल शून्यावर, त्यामुळे उजळला तरी राखाडी डागच मिळणार. पाचव्यात जवळजवळ अख्खी भिंत 255 वर होती. छपाईत 255 म्हणजे शाई शून्य, म्हणजे तिथं फोटो नाहीच, नुसता कागद.

चौथ्याची गंमत वेगळी. त्याचा आलेख दोन्ही भिंतींपासून सुरक्षित अंतरावर होता, कुठंही चिकटलेला नाही. नियमावर बोट ठेवणाऱ्यानं हाच उचलला असता. पण उजवीकडे 243 वर एक बारीक, उंच सुळका होता आणि त्याच्यापुढे एकदम काही नाही. खऱ्या भिंतीवर उजेड असा एका पायरीवर येऊन थबकत नाही, तो पसरतो. शिवाय मधल्या भागात आलेख कंगव्यासारखा दातेरी होता, मधल्या काही पायऱ्या पार रिकाम्या. ह्याचा अर्थ, तयार जेपेग कुणीतरी ताणून-दाबून बसवला होता. पाचव्यासारखाच जळालेला फोटो घेऊन वरचं टोक 255 वरून 243 वर खाली ओढलेलं. भिंत आता जळालेली दिसत नाही, पण तिच्यात काही आलेलंही नाही. पूर्वी सपाट पांढरी होती, आता सपाट करडी. भिंतीवर शंभर टक्के मोठं करून बघितलं, तर चुन्याच्या कुंच्याचे फराटे दिसायला हवेत तिथं साबण लावून पुसल्यासारखं गुळगुळीत. फोटोग्राफर तरुण आहे, हुशार आहे, पण ही सफाई मला आवडली नाही. जळालाय तर जळालाय म्हणून पाठवावा.

उरले दोन आणि तीन. खरा खेळ इथंच.

तिसरा बाईंचा आवडता, आणि दिसायलाही उजवाच. भिंत 225च्या आसपास, चेहऱ्यावर पणतीचा उजेड, दारावरच्या पितळी कड्या सुट्या दिसताहेत. एकूण उजेडाचा, म्हणजे ल्युमिनॉसिटीचा आलेख बघितला तर पुस्तकात छापावा असा. डावीकडे टेकतोय पण आपटत नाही, उजवीकडे पणत्यांच्या ज्योतींचा जेमतेम एक टिंब. ज्योत 255 वर गेली तरी चालते. ज्योतीच्या पोटात कुणी तपशील शोधत नाही.

मग लाल चॅनल उघडला. उजव्या भिंतीला सरळ उभा खांब. पर्सेंटाइलनं सांगितलं की चौकटीतले जवळजवळ 9 टक्के ठिपके लालमध्ये 255 वर आहेत. ते कुठं आहेत हे बघायला लेव्हल्समध्ये लाल चॅनल निवडून, ऑल्ट दाबून पांढऱ्या टोकाचा स्लायडर किंचित हलवला. काळ्या पडद्यावर पैठणीचा आकार उमटला, खांद्यापासून निऱ्यांपर्यंत.

हे एकूण उजेडाच्या आलेखात का दिसलं नाही, ते आकड्यातच बघा. तो आलेख लालचे साधारण 30 टक्के, हिरव्याचे 59 आणि निळ्याचे 11 धरून बनतो. पैठणीवरच्या एका ठिपक्याचे आकडे होते लाल 255, हिरवा 40, निळा 50. हिशेब केला तर उजेड 105 च्या आसपास येतो, म्हणजे अगदी आलेखाच्या मधोमध. ज्या डोंगराचं कौतुक चाललं होतं, त्याच्याच पोटात फुटलेलं लाल लपलं होतं.

पडद्यावर ते फारसं खुपत नाही, कारण घड्यांचा थोडा आकार हिरव्या चॅनलमध्ये शिल्लक असतो. नीट पाहिलं तर घडीच्या उंचवट्यावर कुंकवाचा रंग नारिंगीकडे झुकलेला दिसतो. लालला वर जायला जागा नाही आणि हिरवा वाढत राहतो, म्हणून. छपाईत मात्र हे अंगाशी येतं. लाल रंग मॅजेंटा आणि पिवळ्या शाईनं होतो, पण लाल कापडातल्या घड्या, सावल्या, रेशमाची वळणं उमटवण्याचं मोठं काम सायन, म्हणजे निळसर शाईची प्लेट करते. सायन म्हणजे लाल चॅनलची उलटी बाजू. लाल 255 वर सपाट, तर सायन शून्यावर सपाट. प्रूफ काढायच्या आधी मी सायन एकटी उघडून बघतो, ही माझी सवय. तिसऱ्याच्या सायनमध्ये मुलीचा चेहरा होता, हात होते, दार होतं, आणि पैठणीच्या जागी कोरा पांढरा आकार.

दुसरा फोटो एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडाचा. तिसरा 1/60 सेकंदाचा, हा 1/125 चा, बाकी सगळं सारखं. फोनवर बघितला तर मरगळलेला. आलेख डावीकडे गोळा झालेला, उजवीकडची बरीच जागा ओसाड, भिंत 170 च्या आसपास. पण लाल चॅनलमध्ये पैठणी 190 ते 215 च्या मधे पसरलेली, वर जागा राखून. आणि डावीकडे? दाराच्या पायऱ्या 8 ते 20 मध्ये, शून्यावर ठिपके अगदी नगण्य, तेही वृंदावनाच्या बुडाशी. म्हणजे दोन्ही टोकांना सगळं जिवंत होतं, फक्त अंधारात बसलेलं. भिंत वक्रानं 220 पर्यंत उचलली, लालला त्यातून अलगद वगळलं, दाराकडचा भाग थोडा मोकळा केला. दारात रंगीत दाणे वर आले, ते दाबले. सायन उघडून पाहिली तर निऱ्या मोजता येत होत्या.

बाईंना दोन्ही प्रूफ दाखवली. त्या लांबून म्हणाल्या, "तिसराच की." मग जवळ घेऊन पदरावर बोट ठेवलं, "हे काय, कागद कापून चिकटवल्यासारखं?" दुसरा ठरला. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरनं टिपलेला कच्चा डेटा, मी फोटोग्राफरकडे सकाळीच मागितल्या होत्या. "काका, हार्ड डिस्क गावाला आहे, उद्या देतो," असं उत्तर आलेलं. मशीनची पाळी त्याच रात्रीची होती. प्लेटा गेल्या.

रॉ दुसऱ्या दिवशी आल्या. तिसरा उघडला आणि कच्चा डेटा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकला. पैठणीत लाल चॅनल कुठंही भिंतीला लागलेला नव्हता. वर अजून एक स्टॉपच्या आसपास जागा होती.

फुटलं होतं ते कॅमेऱ्यानं बनवलेल्या जेपेगमध्ये. संध्याकाळच्या निळ्या उजेडात ऊब यावी म्हणून फोटोग्राफरनं व्हाइट बॅलन्स शेडवर ठेवलेला. शेडमध्ये कॅमेरा सेन्सरकडून आलेल्या लालला दुपटीहून जास्त गुणतो. त्यावर रंग भडक करणारी पिक्चर स्टाइल. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा आलेखही ह्याच जेपेगचा असतो, आणि त्यानं तर फक्त उजेडाचा आलेख लावलेला. त्याला पडद्यावर देखणा डोंगर दिसला, मला जेपेगमध्ये फुटलेलं लाल दिसलं. सेन्सरवर काय आहे ते दोघांपैकी कुणीच बघितलेलं नव्हतं.

मी तिसरा रॉमधून नव्यानं काढला, व्हाइट बॅलन्स थोडा थंड, सॅच्युरेशन खाली. पैठणी 235 च्या आत आली, घड्यांसकट. दुप्पट उजेड मिळालेला असल्यामुळे दाराचा काळोखही स्वच्छ, दाणे जवळजवळ नाहीत. जेपेगच्या आलेखांवरून निवडलं तर दुसरा, रॉच्या आलेखांवरून निवडलं तर तिसरा. फोटो तेच, मुलगी तीच, उत्तर वेगळं.

ह्याचंही प्रूफ काढून छापलेल्या अंकाशेजारी ठेवलं. लाल दोन्हीत तोडीस तोड आहे. दारावरच्या पितळी कड्या मात्र तिसऱ्यात सुट्या दिसतात, दुसऱ्यात शोधाव्या लागतात. अंक विकत घेणारा कड्या शोधणार नाही, हे मलाही कळतं. पाळी सोडून एक रात्र थांबायला हवं होतं का, ह्यावर माझं आणि मशीनवाल्याचं अजून एकमत झालेलं नाही.