आमची वाटचाल: सोळा पानांवरून एका पानावर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना ईआरपी, म्हणजे स्टॉकपासून डिस्पॅचपर्यंत सगळं एका जागी दाखवणारं सॉफ्टवेअर, बसवून द्यायचं काम आम्ही करतो, दोघा पार्टनरनी एका टेबलावर सुरू केलं होतं. पहिली वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही. सांगायचंय ते त्या एका उन्हाळ्याबद्दल, कारण तेव्हा धंदा बंदच पडला असता, आणि तेव्हाच आमचा दर आठवड्याचा रिपोर्ट सोळा पानांवरून एका पानावर आला.

एका टॉवेल कारखान्याचं काम चालू होतं. धाग्याचा स्टॉक, लूमवाईज प्रॉडक्शन, डाइंग, डिस्पॅच, सगळं १ एप्रिलला चालू करायचं ठरलेलं. दर शनिवारी मी शेठना सोळा पानी रिपोर्ट पाठवायचो, एक्सेलमधून काढलेला, प्रत्येक टास्क, प्रत्येक टक्का. मेहनत दिसली पाहिजे असं वाटायचं. त्यात नवव्या पानावर ३७ नंबरला एक ओळ होती, 'फिजिकल स्टॉक काउंट, क्लायंटकडून पेंडिंग'. खरं तर सगळं काम त्या एका ओळीवर अडलं होतं, कारण मोजणीसाठी गोडाऊनची आवक-जावक दोन दिवस बंद ठेवावी लागते आणि ते फक्त शेठच ठरवू शकत होते. चार आठवडे ती ओळ तशीच गेली, वरती पहिल्या पानावर मात्र हिरवा रंग, म्हणजे सगळं ठीक. एप्रिल हुकला. शेठ म्हणले, "मला सांगितलंच नाही की." मी रिपोर्ट काढून दाखवला तर अजून चिडले, आणि आता कळतं की बरोबर होतं त्यांचं. नवव्या पानावर लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे.

तेवढ्यात दुसरी एक फर्म चकचकीत डेमो घेऊन तिथं पोचली. आमच्याच उशिराचं भांडवल केलं आणि आमच्याकडचा एक पोरगाही उचलला, ते मी अजून विसरलो नाही. शेठनी तिसरा हप्ता थांबवला, दोन महिने पगार पार्टनरच्या बायकोचे दागिने गहाण ठेवून दिले.

वाचवलं ते कारखान्याच्या मुनीमकाकांनी. त्यांची लाल वही असायची, रोज संध्याकाळी शेठसमोर एकच पान उघडायचे, वरती 'आज विचारायचं', मग 'आज झालं', खाली 'घोर'. मला म्हणले, "शेठ उभ्या उभ्या वाचतात रे बाबा, बसून नाही." त्या वहीवरूनच आमचं पान तयार झालं, मोबाईलवर झूम न करता वाचता येईल एवढंच.

सगळ्यात वर निर्णय. पहिल्या शनिवारी असं गेलं: 'धागा मोजणी कधी? १४-१५ जून की २१-२२ जून? आमचं मत १४, कारण चुकलं तर परत मोजायला आठवडा हातात राहतो. जूनमध्ये मोजणी झाली नाही तर १ जुलैऐवजी १ ऑगस्ट, कारण आपण महिन्याच्या सुरुवातीलाच चालू करतो. ठरवणार: शेठ, मंगळवारपर्यंत.' उत्तर सोमवारी सकाळी आलं, १४. आणि १ जुलैला चालू झालं.

त्याखाली प्रगती, पण टक्के नाहीत. 'डाइंग मॉड्यूल ९० टक्के' हे महिनाभर तसंच राहू शकतं, त्यापेक्षा लिहा की डाइंगचे दोन लॉट नव्या सिस्टीमवर निघाले, ठरलेली तारीख १०, झाली १२. पुढच्या आठवड्यात काय दिसेल त्याची एक ओळ. मग जोखीम, तीनच, आणि प्रत्येकीपुढं माणसाचं नाव आणि ती खरी होतेय हे कशावरून कळेल ते. 'स्टाफचा विरोध' असं लिहू नका, 'रात्रपाळीचे जॉबर अजून कागदावरच नोंद करतात, शुक्रवारपर्यंत तीन रात्रींच्या नोंदी सिस्टीममध्ये दिसल्या नाहीत तर शेठना सांगणार' असं लिहा.

रंगाचं एक सांगतो, कोणी विचारलं नाही तरी. रंग टीम लीडरच्या मनावर सोडू नका, बाहेरून हिरवा आतून लाल कलिंगडच निघतं. आमचा नियम कामाच्या पहिल्याच दिवशी शेठसोबत ठरतो, तारीख हुकू शकते पण उपाय हातात आहे तर पिवळा, आठवड्याच्या वर हुकणार आणि उपाय नाही तर लाल. लाल द्यायचा असेल तर आधी फोन, मग पान, शेठना लाल रंग पहिल्यांदा व्हॉट्सअॅपवर दिसता कामा नये. आणि जुना निर्णय अडकला असेल तर त्यापुढं 'तिसरा आठवडा' असं लिहा, तारीख बदलून नवा दाखवू नका.

पैसे वाढवून मागायचे किंवा त्यांच्या माणसाची तक्रार असेल तर ती या पानावर कधीच नाही, हे पान चार जणांकडं फॉरवर्ड होतं. ते समोर जाऊन बोलायचं. टास्कची लांब यादी अजूनही बनते, पण ती आमच्या टीमसाठी.

पुढची वर्षं सुरळीत गेली. ते शेठ आजही आमच्याकडंच आहेत, आता दुसऱ्या युनिटचं काम चालू आहे. निर्णयाचा खण रिकामा असला तरी आम्ही काढत नाही, 'या आठवड्यात काही नाही' असं लिहितो. मागच्या शनिवारी तसंच लिहिलं होतं, तर पाच मिनिटांत शेठचा फोन, "खरंच काही नाही का माझ्याकडं?" म्हणलं, नाही शेठ, खरंच नाही.