कण्याची रुंदी: 240 पानांच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ, नोंद दुसरी

6 जुलै

आत्याच्या आठवणींच्या पुस्तकाची, म्हणजे ‘कुर्डूगडाखालचे घर’ची, आतली पाने जुळवून झाली आणि मुखपृष्ठाचे काम हाती घेतले. पुस्तक डेमी आकाराचे आहे. कापल्यानंतर ते 140 मिलिमीटर रुंद आणि 216 मिलिमीटर उंच राहील. प्रती शंभरच काढायच्या असल्यामुळे डिजिटल छपाई आणि गोंदाची साधी बांधणी, म्हणजे छापखान्यात ज्याला परफेक्ट बाइंडिंग म्हणतात ती, ठरवली आहे. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ एकाच सलग कागदावर छापले जाणार असल्यामुळे कणा किती रुंद आहे हे कळेपर्यंत पुढचे एकही माप पक्के करता येत नाही.

कण्यासाठी पृष्ठसंख्या मोजताना शेवटच्या पानावरचा आकडा धरणे चुकीचे आहे. आमच्या मजकुराचे शेवटचे पृष्ठ 226 असले तरी त्याआधी क्रमांक न टाकलेली दहा पृष्ठे आहेत आणि शेवटी चार कोरी आहेत. एकूण पृष्ठे 240 होतात. त्यातही कागदाचे एक पान म्हणजे दोन पृष्ठे, म्हणून जाडी मोजायची ती 120 पानांची. पाने आणि पृष्ठे यांची गल्लत झाली की कणा दुप्पट किंवा निम्मा होतो. काही संकेतस्थळांवर जाडीचा आकडा दर पृष्ठामागे दिलेला असतो आणि कागदविक्रेता तो दर पानामागे सांगतो, त्यामुळे ही गल्लत सरावलेल्या माणसाच्या हातूनही होऊ शकते.

कागद 70 जीएसएमचा ठरला होता. जीएसएम हे वजन आहे, जाडी नव्हे. जाडी काढण्यासाठी त्या आकड्याला कागदाच्या बल्कने गुणावे लागते. बल्क म्हणजे त्याच वजनाचा कागद किती फुगीर आहे याचे माप. मी तो 1.3 धरला. 70 × 1.3 म्हणजे 91 मायक्रॉन, आणि 120 पानांचे 10.92 मिलिमीटर. कणा 11 मिलिमीटर धरून मी आराखडा काढला.

13 जुलै

छापखान्याकडून कळले की त्या कागदातून मागची छपाई जास्त दिसत असल्यामुळे त्यांनी 80 जीएसएमचा, किंचित पिवळसर छटेचा कागद सुचवला आहे. तो घ्यायला माझी हरकत नव्हती, पण आधीचे माप आता निरुपयोगी झाले. या वेळी मात्र बल्क गृहीत धरण्याऐवजी त्याच कागदाची शंभर पाने कापून घरी आणली आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजली. सैल गठ्ठा 11.6 मिलिमीटर भरला. पावसाळी हवेने कागदाच्या कडा थोड्या लहरल्या होत्या आणि पानांमध्ये हवाही होती. मग गठ्ठा दोन सपाट फळ्यांमध्ये शिकंज्याने आवळून तीन ठिकाणी मोजला, तेव्हा 11.2 मिलिमीटर आले. बांधणीच्या यंत्रातही पाने आवळूनच धरली जातात, म्हणून दुसरा आकडाच खरा मानला. दर पानाला 0.112 मिलिमीटर धरून 120 पानांचे 13.44 मिलिमीटर होतात.

यात मुखपृष्ठाच्या कार्डाची जाडी मिळवायची असते. आमचे कार्ड 0.34 मिलिमीटर आहे. पुस्तक बाहेरून मोजले तर पुढचे आणि मागचे मिळून 0.68 वाढतात आणि आकडा 14.12 होतो. परंतु सपाट कागदावर दोन घड्यांमधले अंतर त्याहून थोडे कमी लागते, कारण कार्ड वळताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि खरी लांबी कार्डाच्या मध्यावर राहते. त्या हिशेबाने एकदाच 0.34 मिळवून 13.78 येते. या दोन आकड्यांच्या मधे, 14 मिलिमीटर, मी कणा ठरवला.

इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमधला आराखडा त्यामुळे असा झाला: चारही बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारा छपाईचा जादा भाग, धरून पूर्ण कागद 300 × 222 मिलिमीटर, आणि डावीकडून उभ्या मार्गरेषा 3, 143, 157 आणि 297 वर. डावीकडे मलपृष्ठ, मध्ये कणा आणि उजवीकडे मुखपृष्ठ. जुना 11 मिलिमीटरचा आराखडाच पाठवला असता तर काय झाले असते, तेही काढून पाहिले. मध्यरेषा जुळवून बांधणी केली असती तर मुखपृष्ठाचा आणि मलपृष्ठाचा दीड-दीड मिलिमीटर भाग कण्यावर वळला असता आणि बाहेरच्या कडेला ब्लीड तीनऐवजी दीडच मिलिमीटर उरले असते. कापणीत तेवढी चूक झाली की पांढरी कड दिसते.

27 जुलै

डमी आली. छापखान्याने कोऱ्या पानांचा गठ्ठा बांधून त्यावर माझे मुखपृष्ठ चढवले होते. कण्याची रुंदी बरोबर बसली, पण रचनेतला दोष लगेच दिसला. मी कणा गडद तांबडा आणि दोन्ही पृष्ठे फिक्या रंगाची ठेवली होती आणि रंगाची सीमा नेमकी घडीवर आणली होती. वरच्या टोकाला तांबड्या रंगाची सुमारे एक मिलिमीटरची चीर मुखपृष्ठावर उतरली होती आणि खाली ती नाहीशी झाली होती. मोजणीत काही चुकलेले नव्हते. कार्ड गठ्ठ्यावर चिकटताना इतके तिरपे होऊ शकते आणि शंभर प्रतींत ते प्रत्येकीला वेगवेगळे होणार. म्हणजे सीमा घडीवर ठेवणे हाच मूळ दोष होता.

उपाय सुचला तो जुन्या हजेरीपटांवरून आणि बांधीव वह्यांवरून. त्यांच्या पाठीवरची कापडी पट्टी पुढच्या आणि मागच्या पुठ्ठ्यावर बरीच आत आलेली असते. तसाच तांबडा रंग दोन्ही पृष्ठांवर आत आणायचे ठरवले. आधी 8 मिलिमीटर ठरवत होतो, परंतु मुखपृष्ठ उघडण्यासाठी कण्यापासून सुमारे 7 मिलिमीटरवर जी दाब-रेघ पडते, तिच्या इतक्या जवळ रंगाची कड आली तर दोन्ही रेषा समांतर नाहीत हे डोळ्याला टोचते. म्हणून कड 18 मिलिमीटरवर नेली. तिथे एक मिलिमीटरचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही.

10 ऑगस्ट

या आठवड्यात कण्यावरचे नाव बसवले आणि सर्वाधिक वेळ त्यालाच लागला. अक्षरे वरून खाली वाचली जातात, त्यामुळे पुस्तक उभे ठेवले की शिरोरेषा मुखपृष्ठाच्या बाजूला येते. ‘कुर्डूगडाखालचे घर’मध्ये वर रफार आणि मात्रा आहे, खाली दोन उकार आहेत. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत 5 मिलिमीटर, रफाराचे वर 1.8 आणि दीर्घ उकाराचे खाली 2.2, असे एकूण 9 मिलिमीटर होतात. 14 मिलिमीटरच्या कण्यावर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटर उरतात आणि डमीतला एक मिलिमीटरचा तिरपेपणा त्यात सामावतो.

ही 9 मिलिमीटरची चौकट यंत्राने मध्यावर आणली तरी नाव मुखपृष्ठाकडे सरकलेले दिसत होते. रफार आणि उकार एक-दोन ठिकाणीच आहेत, डोळा मात्र मधली 5 मिलिमीटरची पट्टी पाहतो आणि तीत सगळे वजन शिरोरेषेचे आहे. आधी ती पट्टी कण्याच्या मध्यावर आणली, त्यासाठी नाव 0.2 मिलिमीटर मलपृष्ठाकडे गेले. मग आणखी 0.4 सरकवून छापले, कागद 14 मिलिमीटरच्या ठोकळ्याला गुंडाळला आणि दोन हातांवरून पाहिला. आता नाव मध्यावर दिसते. आत्याला तो ठोकळा दाखवला, तर तिने नाव वाचून पहिला प्रश्न विचारला की तिचे स्वतःचे नाव खाली इतके बारीक का ठेवले आहे. ते 3 वरून 4 मिलिमीटर केले आणि फाइल दुसऱ्या डमीसाठी पाठवली.