आमची वाटचाल : ‘बिस्किट ५-१०’

वडिलांनी सांगलीच्या गणपती पेठेत एका गाळ्यात दुकानांना बिस्किट, शाम्पू असा माल पुरवायची एजन्सी सुरू केली, तेव्हा सगळ्या ऑर्डरी त्यांच्या डोक्यात असायच्या. माझ्या काळात दोन टेम्पो आले, तीन सेल्समन आले, बिलिंगला कॉम्प्युटर आला. चुकाही आल्या.

तासगावच्या एका दुकानाची ऑर्डर वहीत ‘बिस्किट ५-१०’ अशी लिहिलेली होती. सेल्समनच्या मनात पाच रुपयेवाल्या पुड्याच्या दहा पेट्या होत्या. बिलिंगच्या ताईंनी दहावाल्याच्या पाच पेट्या टाकल्या. दुकानदाराने माल उतरवूनच घेतला नाही. पेट्या परत, क्रेडिट नोट, दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी. त्या एका बिलावरचा नफा डिझेलमध्येच गेला.

चूक कोणाची, यावर तासभर भांडण झालं. तेव्हा ठरवलं, आधी कागदावर येऊ. काय सुधारायचं, कुठवर आणि किती, हे लिहिलेला एका पानाचा चार्टर केला आणि बिलिंगच्या टेबलामागे चिकटवला. सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘चूक’ म्हणजे काय हे ठरवण्यात. माल, साइज, संख्या किंवा दुकान चुकलं तर ते बिल चुकीचं. ‘मागवलं होतं, पण आता नको’ आणि एक्सपायरीचा माल यात धरायचा नाही, कारण ते आमच्या हातात नाही. हद्द ऑर्डर घेण्यापासून टेम्पो भरेपर्यंत. ‘एकही चूक नको’ असं मी लिहिलं होतं, ते माझ्याच मुलीने खोडलं. तीन महिन्यांत शंभर बिलांमागे दोन, एवढंच ठेवलं.

एक ओळ मात्र मी हट्टाने घातली : चुकीसाठी पगार कापायचा नाही. पूर्वी कापायचो, म्हणून पोरं दुकानदाराशी परस्पर मिटवायची आणि मला पत्ताच लागायचा नाही. पहिल्या महिन्यात ६४० बिलांत ४१ चुका निघाल्या. मला धक्काच बसला, पण त्या आधीही होत्याच, फक्त वहीत येत नव्हत्या.

४१ पैकी २३ चुका ‘५-१०’च्या जातीच्या होत्या. मग चिठ्ठी छापून घेतली : एमआरपीचा वेगळा रकाना, संख्येचा वेगळा, आणि पुढे नग, डझन, पेटी यांपैकी एकावर गोल. कॉम्प्युटरमधल्या मालाच्या नावातही एमआरपी घातली. दुकानातून निघण्याआधी चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवायची. सुरुवातीला सेल्समन कुरकुरले, ‘दादा, गिऱ्हाईक घाईत असतंय.’

तिसऱ्या महिन्यात ६६० बिलांत १७ चुका. म्हणजे दोनाचं लक्ष्य हुकलंच. दिवाळीच्या आठवड्यात ऑर्डरी फोनवर आल्या, आणि फोनवरची ऑर्डर कोण चिठ्ठीवर उतरवतो? उरलेल्यांत नऊ चुका गोडाऊनच्या निघाल्या. एकाच रंगाचे दोन शाम्पू शेजारी-शेजारी रचलेले होते. ते परवा मी स्वतः वेगळ्या रॅकवर हलवले.