कौलांवरचा पाऊस, नदीवरचा पाऊस

आमच्या श्रुतिकेच्या संहितेत एका पानावर कंसात एवढंच लिहिलं होतं : ‘दामू रागानं घराबाहेर पडतो. मलप्रभेचा काठ. पाऊस.’ वाचणाऱ्याला यात अडचण काहीच नाही. ऐकणाऱ्याला मात्र कंस दिसत नाही. खानापूर तालुक्यातल्या एका कौलारू घरात आई-मुलाचं भांडण, आणि पुढच्याच प्रवेशात मुलगा नदीवर. दोन्हीकडे धो धो पाऊस. निवेदक नको, हा दिग्दर्शकाचा हट्ट. मलाही तो पटला होता, कारण ‘आता दामू नदीवर आला आहे’ असं कुणीतरी सांगितलं की भांडणाचा ताण तिथेच सुटतो.

ध्वनिमुद्रण वडगावातल्या एका घराच्या माडीवर. शेजारी यंत्रमाग. त्यांचा खटखटाट भिंतीतून येतो आणि तो फक्त मागे राहत नाही. दोन वाक्यांमधला तुकडा कापला की त्याचा ताल उडी मारतो आणि जोड उघडा पडतो. म्हणून करंट गेला की माग थांबायचे आणि आम्ही बॅटरीवर कामाला लागायचो. वीज गेल्याचा आनंद होणारे गल्लीत आम्हीच.

त्या दिवशी नदीचा प्रवेश पहिल्यांदा जोडून झाला. संहिता न वाचलेल्या कुणाला तरी ऐकवायची आमची पद्धत आहे, म्हणून घरमालकीण काकूंना वर बोलावलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, “भांडण सोडून भजी कोण तळालंय रे?”

काकूंचा कान पक्का होता. दुरून टिपलेला पाऊस म्हणजे नुसता अखंड सळसळाट, सगळ्या कंपनांची एकत्र खिचडी. तळणीचाही तसाच, आणि पूर आलेल्या नदीचाही तसाच. मी पावसावर नदी चढवली होती, तेव्हा वेगळी जागा उभी राहण्याऐवजी सळसळाट जाड झाला होता. दामू घरातून हललाच नव्हता.

पाऊस ओळखू येतो तो कशावर पडतो त्यावरून. म्हणून दोन्ही जागांना वेगळा पृष्ठभाग दिला. घरात मूळ पावसाचे वरचे तीव्र सूर छाटले, कारण कौलं आणि भिंतीतून ते आत येत नाहीत, आणि पुढे वळचणीचं पाणी बादलीत टपटपताना जवळून टिपलेलं ठेवलं. बाहेर दामूच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या पोत्याची खोळ. तिच्यावरचे थेंब म्हणजे तसल्याच पोत्यावर सोडलेले कोरडे तांदूळ, माइकपासून वीतभर अंतरावर. चिखलातली पावलं म्हणजे परातीत दाबलेलं ओलं फडकं. नदीचा पूर काढून टाकला आणि काठच्या दगडाला पाणी थापटतं तेवढाच आवाज ठेवला.

मग सांधा. दामू कडी काढतो. दार करकरतं, आणि ते उघडत असताना अर्ध्या सेकंदात पावसावरची छाटणी उठते, म्हणजे पाऊस अचानक लख्ख होतो. पाचएक पावलं. त्यांच्याखाली वळचणीची टपटप विरत जाते आणि खोळीवरचे थेंब वर येतात. नदी सगळ्यात शेवटी. तिन्ही आवाज एकाच वेळी बदलले तर ऐकणाऱ्याला धक्का बसतो. एक तरी आवाज सांध्यावरून पलीकडे जायला हवा. इथे ते काम पावलांनी केलं.

आईची हाक वेगळ्यानं घेतली. “दामू, थांब!” म्हणताना बाई माइककडे पाठ करून दोन पावलं मागे गेल्या. नुसता आवाज कमी केला असता तर आई लांब गेल्यासारखी वाटली नसती, पुटपुटल्यासारखी वाटली असती. दामूचं उलट. उघड्यावर आवाज भिंतींना आपटून परत येत नाही, त्यामुळे खोलीचा जरा जरी घुमारा आला की नदीकाठ खोटा पडतो. त्याच्या तिन्ही बाजूंनी दोरीवर वाकळा टाकल्या. उकाड्यानं बिचारा घामाघूम झाला, पण मधला दम लागल्याचा आवाज फुकटात मिळाला.

संवाद सुरू होण्याआधी पाऊस चारेक सेकंद मोकळा ठेवला, मग बोलण्यापेक्षा साधारण 15 डेसिबल खाली नेला. शिवाय त्यातला 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा थोडा दाबला. व्यंजनांची धार बरीचशी तिथेच असते; पाऊस तिथे दाटला की वाक्य ऐकू येतं पण शब्द कळत नाही, आणि मग माणसं नटाच्या उच्चारांना दोष देतात.

काकूंना परत ऐकवलं. दार करकरल्यावर त्या म्हणाल्या, “असल्या पावसात कुठं निघाला हा?” आणि थोड्या वेळानं, “नदीला गेलाय होय!”

दिग्दर्शकाला तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्याला आईच्या हाकेवरच वीज कडाडायला हवी होती. मी नाही म्हटलं, ‘थांब’ त्यात बुडाला असता. शेवटी वीज हाकेनंतर, दामूच्या तिसऱ्या पावलावर टाकली. त्याला अजूनही ती थोडी उशिरा वाटते.