सतरावे आणि बत्तिसावे पान

सुवर्णमहोत्सवासाठी कपाटे उपसताना जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे माझी आठवीतली चित्रवही सापडली, असा चित्रकलेच्या बाईंचा फोन आला. एका प्रदर्शनात मांडलेली ती वही परत मिळालीच नव्हती. आता मी अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात केस पांढरे केलेत, त्यामुळे वही हातात येताच आधी अंगठ्याने पाने फरफरवली.

बाकावरून चेंडू पडतो, उसळतो आणि मांजर त्याच्यावर झेप घेते, एवढीच गोष्ट. पाने अठ्ठेचाळीस, चित्रे फक्त उजव्या बाजूला. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम धरले, तर ही सगळी गोष्ट चार सेकंदांत आटोपते. कागद पिवळा पडला होता, पण पेन्सिल जशीच्या तशी. शाई असती तर पलीकडे फुटली असती.

पाने फरफरवताना दोन ठिकाणी झटका बसला. कोपऱ्यातले आकडे पाहिले, तर 17 आणि 32 गायब. पिना गंजून एकच कागद सुटला होता. पण मधोमध पिना मारलेल्या वहीत एका कागदाची दोन पाने होतात, म्हणून खड्डेही दोन पडले.

सतराव्या पानाची उणीव जास्त बोचत होती. सोळाव्यावर चेंडू जमिनीच्या जरा वर आहे आणि अठराव्यावर वर निघालेला. मधले टेकणेच नाही, त्यामुळे चेंडू हवेतच उलटा फिरतो. तिथे जमिनीला चिकटलेला, चपटा चेंडू हवा. चपटा करताना तो तेवढाच रुंदही करायचा, नाहीतर हवा गेल्यासारखा दिसतो.

बत्तिसावे पान म्हणजे झेपेचे टोक. 31 आणि 33 वर मांजर जवळपास एकाच उंचीवर आहे. दोन्हींचा नुसता मध्य काढला तर ते टोकाला सपाट सरकते. झेप कमानीसारखी असते, म्हणून मधले मांजर किंचित वर घेतले. फार वर नाही, कारण टोकाशी वेग मंदावतो आणि चित्रे जवळजवळ येतात.

पाने स्कॅन केल्यावर एकमेकांवर नीट बसेनात. आम्ही कागदाला भोके पाडून खुंट्यांत अडकवतो, तशी सोय इथे नव्हती. बाकाच्या रेघेवर जुळवावे, तर दर पानावर नव्याने काढलेली ती रेघच थरथरते. शेवटी वहीच्या कोपऱ्यावर जुळवले आणि बाकाची थरथर तशीच ठेवली. ती पुसली असती तर चित्रे माझी आजची झाली असती.

दोन नवी चित्रे निळ्या पेन्सिलीने काढली आहेत. मूळ कुठले आणि भर कुठली, हे कुणालाही ओळखता यावे. पिना काढून वही दोऱ्याने शिवली आहे आणि बाईंच्या स्वाधीन केली आहे. समारंभात पडद्यावर चार सेकंदांची ती फिल्म लागेल. चुकली तर पुन्हा लावायला सांगा.